गोड भाषेत लिहा

२०२३ सालच्या मे महिन्यात, २१ तारखेला रात्री सव्वादहाच्या सुमारास, आमच्या कारखाना व्यवस्थापकांचे एकामागून एक असे सात संदेश माझ्या फोनवर आले. रत्नागिरीजवळच्या आमच्या आंबा प्रक्रिया कारखान्यात तेव्हा कॅनिंगचा शेवटचा पंधरवडा चालू होता. फळाच्या गाड्या रात्रीही येत होत्या, साहेब सकाळपासून पायांवर उभे होते आणि त्या संदेशांत दमलेल्या माणसाची घाई होती. ते संदेश जसेच्या तसे देते. माणसांची नावे तेवढी गाळली आहेत; त्यातले काका म्हणजे आमचे खरेदी प्रमुख.

«खरेदी आणि गोदाम एक करतोय. १ जूनपासून.»
«हेड गोदामवाल्या मॅडम. काका नाहीत.»
«काका कॉम्प्युटरवर स्लो आहेत. बागायतदारांशी बोलायला ठेवू.»
«लॅबमधले दोघे पॅकिंगला. रात्रपाळी लागेल त्यांना.»
«पगार आहे तेवढाच.»
«कुणाला काढत नाही, आत्ता तरी.»
«उद्या सकाळी नोटीस लावा. गोड भाषेत लिहा.»

कर्मचारी विभागात काम करताना अशा निरोपाचे पत्र करणे हे माझे नेहमीचेच काम. त्यामुळे मी त्याच रात्री बसून मसुदा लिहिला आणि तो मला बरा वाटला, हे आधी कबूल करते. तो असा होता: «बदलत्या काळाची गरज लक्षात घेऊन, तसेच कामकाजात अधिक सुसूत्रता यावी या हेतूने, दिनांक १ जूनपासून खरेदी व गोदाम विभागांची पुनर्रचना करण्यात येत आहे. ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या प्रदीर्घ अनुभवाचा लाभ संस्थेला यापुढेही मिळत राहील. काही सहकाऱ्यांना नव्या संधी उपलब्ध होत असून, त्यासाठी वेळेच्या बाबतीत लवचिकता अपेक्षित आहे. सर्वांच्या सहकार्याची अपेक्षा.»

सकाळी नोटीस लावण्याआधी मी तो कागद आमच्या हिशेब विभागातल्या सहकारी ताईंना दाखवला. वेतनाची कामे त्यांच्याकडे असल्याने हा बदल साहेबांनी त्यांना आधीच सांगितलेला होता, म्हणजे गुप्ततेचा प्रश्न नव्हता. त्यांनी तो एकदा वाचला, पालथा ठेवला आणि मला विचारले, «काका १ तारखेला सकाळी कुठल्या टेबलावर बसणार? लॅबमधला मुलगा किती वाजता येणार? आणि लवचिकता म्हणजे रविवारीपण का?» तिन्ही प्रश्नांची उत्तरे त्या कागदावर नव्हती. मला आणखी लागले ते हे, की साहेबांच्या उद्धट वाटणाऱ्या सात ओळींत यांपैकी दीड उत्तर तरी होते आणि माझ्या गोड मसुद्याने तेही पुसून टाकले होते. «पगार आहे तेवढाच» हे त्या सगळ्यातले सर्वांत दिलासा देणारे वाक्य मला सुंदर भाषेच्या भरात चक्क सुटले होते.

म्हणून मी कागद बाजूला ठेवला आणि साहेबांचे संदेश पुन्हा, एकेक वाक्य सुटे करून वाचले. अशा निरोपात चार निरनिराळ्या गोष्टी एकाच दमात बोललेल्या असतात: ठरलेला निर्णय, माणसाबद्दलचे मत, न ठरलेली गोष्ट, आणि बोलणाऱ्याला इतकी ठाऊक असलेली बाब की ती उच्चारायचीच राहून जाते. विभाग एक होणार, तारीख, प्रमुख कोण आणि पगार, हे निर्णय. ते पत्रात जसेच्या तसे, सरळ यायला हवेत आणि त्यांना साखर लावण्याची गरज नाही. «स्लो आहेत» हे मत. «आत्ता तरी» ही न ठरलेली गोष्ट. आणि हे सगळे कशासाठी, हे कारण तर सातही संदेशांत कुठेच नव्हते.

कारण विचारायला मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले तेव्हा त्यांना माझे आश्चर्य वाटले. «त्या गाड्या विसरलात?» ते म्हणाले. मी विसरले नव्हते. एप्रिलच्या अखेरीस फळाच्या गाड्या फाटकाबाहेर दुपारभर उन्हात उभ्या राहिल्या होत्या, कारण शीतगृहात जागाच नव्हती. किती गाड्या निघाल्या आहेत ते खरेदीच्या वहीत होते आणि आत किती क्रेट मावतील ते गोदामाच्या संगणकावर होते, पण ही दोन माणसे दिवसातून एकदाच, संध्याकाळी, एकमेकांशी बोलत असत. कॅनिंगचे फळ आधीच पिकण्याच्या बेतात असते. उन्हात तासन्‌तास राहिले की ते बिघडू लागते. त्या दिवशीचा देठाकडचा आंबूस वास कारखान्यातल्या प्रत्येकाने घेतला होता. म्हणजे कारण सर्वांना समजण्याजोगे होते, फक्त ते कोणी सांगितले नव्हते. आणि कारण सांगितले नाही की लोक ते स्वतः तयार करतात; आमच्याकडे ते दुपारच्या डब्याच्या वेळेपर्यंत «काकांचं वय झालं म्हणून» असे तयार झाले असते.

मग मी «आत्ता तरी»वर आले. हे दोन शब्द गाळून «कोणाचीही नोकरी जाणार नाही» असे लिहिणे सोपे होते आणि साहेबांची त्याला हरकतही नव्हती. मी त्यांना विचारले, की हे वाक्य तुम्ही किती दिवस पाळू शकाल? ते बराच वेळ गप्प राहिले. पुढच्या आर्थिक वर्षाचा आराखडा मुंबईच्या कार्यालयात ठरतो, त्यामुळे मार्चनंतरचे आपण बोलू शकत नाही, पण तोपर्यंत एकही माणूस कमी करणार नाही हे मी वरून लेखी आणतो, असे ते शेवटी म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी ते आणलेही. माझ्या मते संपूर्ण पत्रातले सर्वांत दयाळू वाक्य यातून तयार झाले, आणि ते दयाळू आहे ते त्याला तारीख आहे म्हणून. नोकरीबद्दलचे मोघम आश्वासन ऐकणारा माणूस रोज रात्री त्याचा नवा अर्थ लावतो. तारीख असलेले आश्वासन ऐकणारा निदान मुलीची फी कधी भरायची हे ठरवू शकतो.

रात्रपाळीबाबत मात्र माझ्याकडे प्रश्न नव्हता, अडचण होती. लॅबमधले ते दोघे तंत्रज्ञ कायद्याच्या अर्थाने कामगार आहेत. तेव्हा लागू असलेल्या १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम ९-अ नुसार, कामगारांच्या सेवाशर्तींत चौथ्या अनुसूचीतला बदल करायचा असेल तर आधी नोटीस द्यावी लागे आणि ती दिल्यापासून २१ दिवसांच्या आत तो बदल अमलात आणता येत नसे. कामाचे तास त्या अनुसूचीत होते, आणि स्थायी आदेशांना, म्हणजे कारखान्याच्या मंजूर सेवानियमांना, सोडून पाळीत केलेला बदलही होता. आमच्या स्थायी आदेशांत लॅबसाठी रात्रपाळीची तरतूद नव्हती. २४ मे रोजी नोटीस दिली तरी २१ दिवस १४ जूनला पुरे होत होते; १ जूनपासून रात्रपाळी लावणे शक्यच नव्हते. साहेब आधी वैतागले. पण कायद्याने दिलेले हे तीन आठवडे केवळ कागदाची औपचारिकता नाहीत, हे मला त्या दोघांशी बोलल्यावर नीट समजले. त्यातला एक साखरप्याकडून एसटीने येतो आणि रात्री ११ ची पाळी गाठायला त्याला गाडीच नाही. संध्याकाळच्या गाडीने येऊन फाटकाजवळच्या बाकावर काही तास बसून राहणे एवढाच मार्ग त्याला होता. हे साहेबांना ठाऊक नव्हते, मलाही नव्हते. त्या दोघांसाठी कंपनीच्या जीपची सोय होण्यास तेच तीन आठवडे लागले.

उरले काकांबद्दलचे मत. सर्वांसमोर लावण्याच्या पत्रात «कॉम्प्युटरवर स्लो» हे येणार नाही, एवढे कोणालाही कळते. पण ते नुसते खोडून टाकले की काम झाले, असे मी पूर्वी मानत असे आणि तीच माझी चूक होती. कारण ते मत खरोखरच निर्णयाच्या मुळाशी होते: संध्याकाळी आलेल्या फळाची नोंद काका वहीत करीत आणि ती संगणकावर दुसऱ्या दिवशी दुपारी चढे. मी साहेबांना विचारले, की हे तुम्ही काकांना कधी बोलला आहात का? ते बोलले नव्हते. सव्वीस वर्षे नोकरी झालेल्या माणसाला कसे सांगायचे म्हणून टाळले होते. आता पत्रात ते नसणार, समोरासमोरही कोणी सांगणार नाही, आणि तरीही कारखान्यात ते सर्वांना माहीत असणार. काकांना आपल्याविषयीची खरी गोष्ट स्टोअरमधल्या पोरांकडून कळणार. तेव्हा पत्र लागण्याआधी साहेबांनी स्वतः काकांना हे सांगावे, मी तिथे बसेन, असे आम्ही ठरवले.

२४ तारखेला सकाळी साडेनऊला काका आले. साहेबांनी आडवळण न घेता सांगितले: विभाग एक होतोय, प्रमुख मॅडम असतील, नोंदी उशिरा चढतात हे त्याचे एक कारण आहे, आणि हे मी तुम्हाला दोन वर्षांपूर्वीच सांगायला हवे होते. काका बराच वेळ टेबलावरच्या आंब्याकडे, म्हणजे नमुना म्हणून ठेवलेल्या फळाकडे, बघत राहिले. मला वाटले ते पदाविषयी विचारतील, खुर्चीविषयी विचारतील. त्यांनी विचारले, «दरचिठ्ठीवर सही कुणाची चालणार?»

साहेबांनी माझ्याकडे पाहिले. आम्हा दोघांच्याही डोक्यात तो प्रश्न आलाच नव्हता. ज्या बागायतदाराच्या बागेत काका पंचवीस हंगाम उभे राहिले आहेत, तो त्यांच्या शब्दावर गाडी भरतो. आणि तो शब्द म्हणजे त्या पिवळ्या दरचिठ्ठीवरची सही. उद्यापासून सही दुसऱ्याची लागणार असेल, तर «बागायतदार संपर्काची जबाबदारी» या शब्दांना बागेत काहीच वजन नाही. माणसाची भूमिका बदलते तेव्हा खरे काय बदलते, हे पदनामावरून कळत नाही; तो आता कशावर सही करू शकतो, कुणाला न विचारता किती ठरवू शकतो आणि त्याच्या वार्षिक मूल्यमापनाचा फॉर्म कोण भरतो, यावरून कळते. हे तिन्ही त्या केबिनमध्ये, काकांसमोर ठरले. मूल्यमापन काल-परवापर्यंत त्यांच्या बरोबरीच्या असलेल्या मॅडमनी करू नये, ते साहेबांनीच करावे, असे मॅडमनीही नंतर स्वतःहून सांगितले.

मी मसुदा काकांपुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावून तो सावकाश वाचला आणि एका ओळीवर नख टेकवले. «अगो, हे ‹अनुभवाचा लाभ› काढ. निरोपाच्या भाषणात म्हणतात तसं वाटतं. मी कुठे जातोय?» ती ओळ मी काढली. त्यानंतर आजपर्यंत एकाही चालू नोकरीतल्या माणसाबद्दल मी ते शब्द लिहिलेले नाहीत.

साडेदहाला मॅडम, अकराला लॅबमधले दोघे, आणि साडेबाराला डब्याच्या सुट्टीआधी सगळा विभाग, असा त्या दिवशीचा क्रम होता. पहिल्या माणसाला कळल्यापासून शेवटच्याला कळेपर्यंत तीन तास. आमच्याकडे बातमी फाटकावरच्या चहाच्या टपरीवर पोहोचायला त्याहून जास्त वेळ लागत नाही, म्हणून ही अंतरे जवळ ठेवावी लागतात. आणि तरीही ज्याचे काम बदलते त्याला सर्वांच्या आधी, बंद दाराआड आणि प्रश्न विचारायला जागा ठेवून सांगावेच लागते. साहेबांनी पत्र वाचून दाखवले आणि मग ते फलकावर लागले. त्याचा मजकूर, नावांच्या जागी पदे घालून, असा:

> खरेदी आणि गोदाम या दोन विभागांचा १ जून २०२३ पासून एकच विभाग होईल. हा निर्णय मी घेतला आहे.
>
> या हंगामात फळाच्या गाड्या फाटकाबाहेर उन्हात थांबल्या आणि फळ वाया गेले. गाड्या किती येणार हे एका विभागाला ठाऊक होते आणि आत जागा किती आहे हे दुसऱ्या. ही व्यवस्था मी लावलेली होती आणि ती बदलणे माझे काम आहे.
>
> नव्या विभागाच्या प्रमुख सध्याच्या गोदाम प्रमुख असतील. कोणती गाडी कधी आत घ्यायची आणि फळ कुठे ठेवायचे, हे त्या ठरवतील. सध्याचे खरेदी प्रमुख फळ खरेदीचे व्यवस्थापक असतील. बागा पाहणे, दर ठरवणे आणि दरचिठ्ठीवर सही करणे ही कामे त्यांचीच राहतील. आठवड्याच्या ठरलेल्या दरात किलोमागे २ रुपयांपर्यंतचा फरक ते स्वतःच्या अधिकारात करू शकतील. संगणकावरील नोंदी यापुढे गोदामातील सहकारी करतील. रोजच्या कामात ते विभागप्रमुखांशी जोडलेले असतील. त्यांचे वार्षिक मूल्यमापन पूर्वीप्रमाणे मी करीन.
>
> प्रयोगशाळेतील दोन तंत्रज्ञ १ जूनपासून पॅकिंग विभागात तपासणीचे काम करतील. १४ जूनपर्यंत त्यांची पाळी दिवसाचीच राहील. १५ जूनपासून त्यांना एक आठवडा दिवसपाळी आणि एक आठवडा रात्रपाळी असेल; रात्रपाळी ११ ते ७ अशी राहील. त्याची स्वतंत्र नोटीस त्यांना आज दिली आहे. रात्रपाळीला येण्यासाठी कंपनीची जीप असेल. साप्ताहिक सुट्टी बदलणार नाही.
>
> कोणाचाही पगार, श्रेणी किंवा रजा कमी होणार नाही. या बदलात एकही पद कमी केलेले नाही आणि ३१ मार्च २०२४ पर्यंत केले जाणार नाही. त्यापुढचे मला आज सांगता येत नाही. काही ठरले तर ज्यांच्याशी त्याचा संबंध आहे त्यांना ते आधी माझ्याकडून समजेल.
>
> २६ आणि २७ मे रोजी दुपारी ३ ते ५ मी केबिनमध्ये आहे. ज्यांना विचारायचे आहे त्यांनी थेट यावे.

या पत्रातले «हा निर्णय मी घेतला आहे» हे वाक्य मिळवायला मला सर्वांत जास्त वेळ लागला. साहेब म्हणत होते, «‹निर्णय घेण्यात आला आहे› असंच लिहितात ना?» तसेच लिहितात हे खरे. आपल्या कार्यालयीन मराठीत «करण्यात येत आहे» ही इतकी रुळलेली रचना आहे, की तिच्यात कर्ता नाही हे आपल्या लक्षातही येत नाही. रस्ता बंद करण्यात येतो, पाणी सोडण्यात येत नाही, आणि माणसाची बदली करण्यात येते. बसच्या वेळापत्रकाला ते चालते. पण ज्याचे सव्वीस वर्षांचे टेबल हलते त्याला ते कोणी हलवले हे वाक्यातच सापडले पाहिजे, नाहीतर तो प्रश्न घेऊन कुणाच्या दाराशी जाणार? «मी» लिहिल्यावर साहेबांना शेवटचा परिच्छेदही आपोआप लिहावासा वाटला, कारण कर्ता एकदा पुढे आला की त्याला उत्तर देण्याची वेळही ठरवावी लागते.

त्या दोन दुपारी मिळून सातजण केबिनमध्ये गेले. पाच प्रश्न रात्रपाळीच्या भत्त्याचे होते. तो पूर्वीच्याच दराने मिळणार होता, पण पत्रात ते लिहिलेले नव्हते. «पगार कमी होणार नाही» यात भत्ताही आला असे मी मनातल्या मनात धरले होते. अशा पत्रात काय राहिले हे ओळखण्याची मला आता हीच खूण वाटते: एकच प्रश्न तिसऱ्यांदा आला की दोष विचारणाऱ्याचा नसतो, तो कागदाचा असतो. आम्ही २७ तारखेलाच एक ओळीचा पुरवणी कागद मूळ पत्राखाली लावला.

दुसरी चूक जूनच्या पहिल्या आठवड्यात कळली आणि ती अधिक मोठी होती. आतल्या सर्वांना आम्ही सांगितले होते, पण बागायतदारांना कोणीच काही कळवले नव्हते. हंगामाची शेवटची बिले न्यायला आलेला पावसचा एक बागायतदार नेहमीच्या टेबलाशी गेला, तिथे दुसरेच कोणी बसलेले पाहून त्याने काकांना सेवानिवृत्त समजले, आणि त्या संध्याकाळी काकांना लांज्यापर्यंतचे फोन आले. काका दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलासमोर येऊन बसले. रागावलेले नव्हते, पण त्यांनी खुर्ची नेहमीपेक्षा पुढे ओढली होती. मी बागायतदारांसाठीच्या पत्राचा मसुदा करते असे म्हटले, तेव्हा त्यांनी मान हलवली.

«हे मी सांगतो, तू लिही,» ते म्हणाले आणि क्षणभर थांबून, एकेक शब्द मोजून बोलू लागले. «दर पूर्वीसारखा माझ्याकडूनच समजेल. बिल मात्र आता नव्या खिडकीवर मिळेल. लिहिलंस? आता खाली माझं नाव घाल, आणि फोन नंबर मोठ्या अक्षरात.»